पावती, पुरवठा-बिल आणि कर-बीजक : करमुक्त मालाच्या विक्रीतील तीन कागद



म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी सकाळी एक फेरी मारली तर मालाइतकेच नाना तऱ्हेचे कागदही दृष्टीस पडतात. भाजी विकणारी बाई कोणताच कागद देत नाही. मागितलाच तर वहीचे पान फाडून त्यावर आकडा लिहून देते. शेजारचा किराणा दुकानदार छापील बिल देतो, पण त्यावर कराचा रकाना नसतो. आणि तेलाचा घाऊक व्यापारी देतो त्या कागदावर केंद्राचा कर इतका, राज्याचा कर इतका, असा सविस्तर हिशेब असतो. ग्राहकाच्या लेखी ही तिन्ही ‘बिलेच’ होत. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे तीन भिन्न दस्तऐवज आहेत आणि एकाच्या जागी दुसरा दिला गेला तर कुणाच्या तरी खिशाला चाट बसते. हा गोंधळ करपात्र मालाच्या बाबतीत फारसा होत नाही. तो होतो तो करमुक्त मालाच्या बाबतीत. ‘ज्या मालावर करच नाही, त्याचे बिल तरी कशाला?’ हा प्रश्न बाजारात नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधताना या तिन्ही कागदांची ओळख आपोआप पटते.

प्रथम साधी पावती घेऊ. पावती ही पैशाची असते, मालाची नव्हे. अमक्याकडून अमुक रक्कम मिळाली, एवढेच ती सांगते. तिला कायद्याने ठरवून दिलेला नमुना नाही. रक्कम पाच हजार रुपयांहून अधिक असेल तर एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे, इतकीच काय ती जुनी अट. वस्तू व सेवा कर कायद्याखाली ज्याची नोंदणी नाही, अशा विक्रेत्याला याहून अधिक काही देण्याचे बंधन नाही. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला, त्याची उलाढाल कितीही असली तरी, कायद्याच्या २३ व्या कलमाने नोंदणीतून मोकळे ठेवले आहे. ताजी भाजी, नारळ, ताजी मासळी विकणारी बहुतेक माणसे याच वर्गात मोडतात.

आता असे समजा की एखाद्या उत्सव मंडळाने त्या भाजीवाल्या बाईकडून महाप्रसादासाठी ६,४०० रुपयांची भाजी घेतली. मंडळाचा हिशेबनीस तिच्याकडे ‘जीएसटीचे बिल’ मागतो. तिच्याकडे ते नसते आणि असूही शकत नाही. मग पुढल्या वर्षी हेच गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे वळते. येथे चूक बाईची नाही, मागणाऱ्याची आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने करमुक्त मालाबद्दल दिलेली साधी पावती या कायद्याला पुरेशी आहे. तीवर तिचे नाव, गाव, तारीख, मालाचे वर्णन, रक्कम आणि सही असावी आणि ६,४०० ही रक्कम पाच हजारांवर असल्याने महसुली तिकीट असावे. एखाद्या संस्थेचे स्वतःचे हिशेबनियम याहून कडक असू शकतील, परंतु ती अट संस्थेची असते, करकायद्याची नसते. उलट नोंदणी नसताना कुणी पावतीवर ‘जीएसटी ५ टक्के’ असे लिहून पैसे घेतले, तर मात्र ते ३२ व्या कलमाचे सरळ उल्लंघन होय. नोंदणी नसलेल्यास कर गोळा करण्याचा अधिकारच नाही.

दुसरा कागद पुरवठा-बिल, ज्याला व्यवहारात ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणतात. हे द्यावयाचे ते नोंदणीकृत व्यापाऱ्याने, आणि तेही विकलेला माल करमुक्त असेल तेव्हा. कायद्याच्या ३१ व्या कलमाने अशा विक्रीस कर-बीजकाऐवजी पुरवठा-बिल देणे बंधनकारक केले आहे. त्यावर काय असावे हे ४९ व्या नियमात सांगितले आहे : विक्रेत्याचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, वर्षभरात पुन्हा न येणारा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसलेला अनुक्रमांक, तारीख, खरेदीदार नोंदणीकृत असेल तर त्याचे नाव, पत्ता व क्रमांक, मालाचे वर्णन व संकेतांक, उदाहरणार्थ तांदळासाठी १००६, सूट वजा जाता राहिलेले मूल्य, आणि शेवटी सही. यात कराचा दर नाही आणि कराची रक्कमही नाही. तो रकाना चुकून राहिलेला नसतो. तो नसणे हेच या कागदाचे लक्षण होय.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पुरवठा-बिल हाती आले म्हणजे माल करमुक्तच, असे समजू नये. ज्या लहान व्यापाऱ्यांनी ठोक दराने कर भरण्याची, म्हणजे कंपोझिशनची, योजना स्वीकारली आहे, तेही करपात्र मालावर पुरवठा-बिलच देतात, कारण त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. अशा बिलाच्या माथ्यावर आपण या योजनेतील व्यापारी असून कर गोळा करण्यास पात्र नाही, असे वाक्य छापावे लागते. ते वाक्य आहे की नाही हे पाहिले की दोहोंतील भेद लगेच कळतो.

तिसरा कागद कर-बीजक, म्हणजेच टॅक्स इन्व्हॉईस. ते करपात्र मालासाठीच असते. पुरवठा-बिलावरील बहुतेक सर्व तपशील त्यावर असतात आणि शिवाय करपात्र मूल्य, कराचा दर व कराची रक्कम असते. राज्यांतर्गत विक्री असेल तर केंद्राचा व राज्याचा वाटा वेगवेगळा दाखवावा लागतो. या कागदाचे खरे मोल खरेदीदाराला असते. तो स्वतः नोंदणीकृत असेल तर बीजकावर दाखविलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, त्याला आपल्या देय करातून मिळू शकते. म्हणून कर-बीजक हा एका अर्थी हुंडीसारखा कागद आहे. त्यावर लिहिलेला कराचा आकडा पुढे कुणीतरी सरकारकडे मागणार असतो. करमुक्त मालावर असा कागद का देऊ नये, याचे कारण येथेच आहे. जो कर देयच नाही त्याची वजावट तरी कशी मिळणार?

यावरून कोणता कागद द्यावा हे दोन प्रश्नांवर ठरते. विक्रेता नोंदणीकृत आहे काय? आणि माल करमुक्त आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर साधी पावती. ‘होय’ असेल तर दुसरा प्रश्न विचारावा. दिसावयास हे सोपे आहे, परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा एकाच दुकानात, एकाच धान्याच्या बाबतीत दोन तऱ्हांनी येते. गोव्यातील घराघरात शिजणारा उकडा तांदूळ हेच त्याचे उत्तम उदाहरण होय.

सुटा विकलेला तांदूळ करमुक्त आहे. तोच तांदूळ किरकोळ विक्रीसाठी २५ किलोपर्यंतच्या पिशवीत आधीच बांधून, वजन-माप कायद्याने सांगितलेला मजकूर छापून विकला, तर त्यावर ५ टक्के कर आहे. ही व्यवस्था १८ जुलै २०२२ पासून आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे अनेक दर बदलले तरी ती कायम राहिली. येथे ‘आधीच बांधलेला’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. ग्राहक समोर नसताना ठरावीक वजनाचा माल पिशवीत भरून ठेवला की तो आधीच बांधलेला ठरतो, मग पिशवी शिवलेली असो वा नसो. ग्राहकासमोर पोत्यातून तोलून त्याच्या थैलीत ओतलेला तांदूळ सुटा होय. दुकानदाराने फुरसतीच्या वेळी पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून फळीवर रचल्या, तर त्यावर लेबल लावणे कायद्याने आवश्यक असते. लेबल लावले नाही म्हणून कर टळत नाही. लेबल लावणे आवश्यक होते, एवढ्यावरच कर लागू होतो.

आता एक व्यवहार आकड्यांनिशी पाहू. एक नोंदणीकृत किराणा दुकानदार आहे. तो गिरणीकडून पन्नास किलोंची पोती घेतो. पोते २५ किलोंहून मोठे असल्याने गिरणी त्याला पुरवठा-बिल देते. एके दिवशी एक गृहस्थ येऊन पोत्यातून तोलून २५ किलो उकडा तांदूळ, ५२ रुपये किलो दराने, म्हणजे १,३०० रुपयांचा घेतात. त्याबरोबर छापील पिशवीतला ५ किलो तांदूळ ४०० रुपयांचा आणि पाच लिटर खाद्यतेल ७०० रुपयांचे घेतात. तेलावरही ५ टक्के कर आहे. करपात्र माल एकूण १,१०० रुपयांचा झाला, त्यावर कर ५५ रुपये : २७.५० केंद्राचा आणि २७.५० राज्याचा. सुट्या तांदळावर कर नाही. एकूण देणे २,४५५ रुपये.

हे गृहस्थ घरगुती ग्राहक आहेत, नोंदणीकृत नाहीत. अशा वेळी ४६-अ या नियमाने दुकानदाराची सोय केली आहे. दोन कागद न करता त्याला एकच ‘बीजक-नि-पुरवठा-बिल’ देता येते. त्यात करपात्र ओळी करासह आणि करमुक्त ओळी कराविना लिहावयाच्या. मात्र हीच खरेदी शेजारच्या गावातील एखाद्या नोंदणीकृत दुकानदाराने केली असती तर ही सोय लागू झाली नसती. त्याला दोन कागद द्यावे लागले असते : १,३०० रुपयांचे पुरवठा-बिल आणि १,१५५ रुपयांचे कर-बीजक. दुसऱ्या कागदावरील ५५ रुपयांची वजावट तो घेईल. पहिल्या कागदावर घेण्यासारखे काही नाही आणि तेच योग्य आहे. दोन्ही कागदांसाठी अनुक्रमांकांच्या निरनिराळ्या मालिका ठेवता येतात. तशा ठेवल्या तर महिन्याच्या शेवटी करमुक्त विक्रीची बेरीज एका नजरेत मिळते.

मग वीस रुपयांच्या मिरच्या आणि चाळीस रुपयांचा नारळ घेणाऱ्या प्रत्येकाला बिल करावयाचे काय? तशी सक्ती नाही. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असेल, ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर स्वतंत्र बिल न दिले तरी चालते. परंतु ही तिन्ही कारणे एकत्र असावी लागतात. ग्राहकाने मागितले तर नकार देता येत नाही. आणि ज्यांना बिल दिले नाही अशा सर्व विक्रींचे मिळून दिवसाच्या शेवटी एक एकत्रित बिल करावे लागते : करमुक्त मालाचे एकत्रित पुरवठा-बिल, करपात्र मालाचे एकत्रित कर-बीजक. पुष्कळ दुकानदार सवलतीचा पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

आता चुका कोणत्या होतात ते पाहू. पहिली चूक अशी की संगणकात सर्व तांदळाला एकच दर भरलेला असतो आणि सुट्या तांदळावरही ५ टक्के लागून कर-बीजक निघते. वरील उदाहरणात ग्राहकाकडून ६५ रुपये जादा घेतले जातात. दुकानदाराला वाटते, चुकून घेतले, पण कर देय नव्हता, तेव्हा ते भरण्याचे कारण नाही. कायदा तसे मानत नाही. ७६ व्या कलमाप्रमाणे कर म्हणून जी रक्कम घेतली ती, माल करपात्र असो वा नसो, सरकारात भरलीच पाहिजे. ती दुकानदाराची कधीच होत नाही. खरेदीदार नोंदणीकृत असला तर त्याचीही पंचाईत होते. त्याने त्या ६५ रुपयांची वजावट घेतली आणि पुढे तपासणीत माल करमुक्त ठरला, तर वजावटीवर वाद उभा राहतो. चूक एकाने केली आणि खुलासा दोघांना करावा लागला, असे होते.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट. छापील पिशवीतला तांदूळ ‘तांदूळच तर आहे’ म्हणून पुरवठा-बिलावर विकला जातो. ग्राहकाकडून कर घेतलेला नसतो, पण देणे टळलेले नसते. तपासणीत तो कर दुकानदाराला गल्ल्यातून भरावा लागतो, आणि उशिराबद्दल वर्षाला १८ टक्के दराने व्याजही द्यावे लागते. महिनोन्महिने गेलेल्या ग्राहकांकडून तो कर पुन्हा मागता येत नाही.

तिसरी चूक गोव्यातील काजूच्या हंगामात दिसते. शेतकरी साल न काढलेली काजूबी नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकतो आणि साधी पावती देतो. शेतकऱ्याच्या बाजूने हे बरोबरच आहे. परंतु व्यापारी त्यावरून बी करमुक्त आहे असे समजतो, ते चुकीचे. या बीवर ५ टक्के कर आहे. तो भरण्याची जबाबदारी मात्र शेतकऱ्यावर न टाकता खरेदीदारावर टाकली आहे. अशा वेळी व्यापाऱ्याने स्वतःच्या नावे, माल मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच बीजक तयार करावयाचे असते. म्हणजे साध्या पावतीवरून मालाचा दर्जा कळत नाही. विक्रेत्याची नोंदणी नाही, एवढेच कळते.

शेवटची चूक सर्वांत शांतपणे होते, म्हणून तिचे नुकसान उशिरा कळते. नोंदणीकृत दुकानदार करमुक्त मालाचे पुरवठा-बिल करीतच नाही. विकणे झाले, पैसे आले, प्रकरण संपले, असे त्याला वाटते. पण दुकानाचे भाडे, हिशेबनिसाची फी, दूरध्वनी या खर्चांवर त्याने जो कर भरलेला असतो, तो करपात्र आणि करमुक्त अशा दोन्ही विक्रींसाठी असतो. त्याची पुरी वजावट मिळत नाही. करमुक्त विक्रीच्या प्रमाणात ती सोडावी लागते. दुकानाचे भाडे महिना १०,००० रुपये आणि त्यावरील कर १,८०० रुपये आहे असे धरू. महिन्याची विक्री पाच लाख आणि त्यांपैकी सुट्या धान्याची, म्हणजे करमुक्त, तीन लाख. प्रमाण ६० टक्के, तेव्हा १,०८० रुपये सोडावयाचे आणि ७२० रुपये घ्यावयाचे. आता दोन लाखांच्या सुट्या विक्रीचे बिलच झाले नाही असे समजा. वहीत करमुक्त विक्री एक लाख आणि एकूण विक्री तीन लाख दिसते. प्रमाण एकतृतीयांशावर येते आणि दुकानदार केवळ ६०० रुपये सोडतो. दरमहा ४८० रुपयांची वजावट जादा घेतली जाते, वर्षाला ५,७६० रुपयांची. हेतू वाईट नसला तरी ही रक्कम व्याजासह परत करावी लागते. शिवाय बिल न देण्याच्या उल्लंघनाबद्दल १२५ व्या कलमाखाली २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हीच गोष्ट नोंदणीच्या मर्यादेलाही लागू पडते. केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांत ती मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे, तेलंगणात २० लाख. या उलाढालीत करमुक्त विक्रीही मोजली जाते. गोव्यातील जो दुकानदार ३० लाखांचे सुटे धान्य आणि १२ लाखांचा करपात्र माल विकतो, त्याची उलाढाल ४२ लाख होते आणि त्याला नोंदणी घ्यावी लागते. मात्र ६० लाखांचे निव्वळ सुटे धान्य विकणाऱ्याला ती घ्यावी लागत नाही. हे विचित्र वाटले तरी कायदा असाच आहे. ज्याच्याकडे करमुक्त विक्रीचा कागदच नाही, त्याला आपण मर्यादेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे सांगताच येणार नाही.

तेव्हा ‘कर नाही तर बिल कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे की पावती पैसे मिळाल्याचे सांगते, कर-बीजक कर घेतल्याचे सांगते, आणि पुरवठा-बिल कर का घेतला नाही ते सांगते. नोंदणीकृत दुकानदाराला या तिसऱ्या गोष्टीचा पुरावा अन्यत्र कोठेही मिळत नाही. दुकानात तांदळाच्या दोन नोंदी कराव्यात, एक ‘सुटा’ आणि एक ‘बांधीव’. दोन्हींचे दर संगणकात निरनिराळे भरावेत. आणि दिवसाचा गल्ला मोजताना २०० रुपयांखालील विक्रीची दोन एकत्रित बिले त्याच वेळी करून टाकावीत. ग्राहकानेही बिल हाती घेताना माथ्यावरील नाव वाचावे, आणि कराचा आकडा असेल तर नोंदणी क्रमांकही आहे ना, तो पंधरा अक्षरांचा आहे ना, आणि गोव्यातील दुकान असेल तर त्याचा आरंभ ३० ने होतो ना, एवढे पाहावे. त्याला फार तर अर्धा मिनिट लागेल.